फिल्टर बांधा, पण त्याचा ‘क्यू’ मोजूनच वापरा

विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीला कंप मोजणारा सेन्सर लावायचा, त्याचा सिग्नल मायक्रोकंट्रोलरला द्यायचा आणि बेअरिंग खराब होत चाललंय का ते ओळखायचं, असे प्रकल्प हल्ली डिप्लोमाची मुलंही करतात. या साखळीत सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यामध्ये एक लो-पास फिल्टर लागतो. बहुतेकदा तो घाईत बांधला जातो: रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या दोन सारख्या जोड्या एकामागे एक लावायच्या, वहीतल्या `1/(2πRC)` या सूत्रात १००० हर्ट्झ घालायचे आणि पुढच्या कामाला लागायचं. या फिल्टरमधून सिग्नल येतो, पडद्यावर आलेख हलतो आणि सगळं बरोबर चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात तो फिल्टर १००० हर्ट्झचा नसतोच. दुसरी जोडी पहिलीवर भार टाकते, त्यामुळे त्याचा खरा कटऑफ ३७४ हर्ट्झच्या आसपास येतो. मोटारीचा ५०० हर्ट्झचा कंप त्यातून जेमतेम ६० टक्के उरून बाहेर पडतो. बेअरिंगची तक्रार सेन्सरने नेमकी ऐकलेली असते, ती दाबतो आपला फिल्टर.

म्हणून विद्यार्थ्यांना, त्यांच्या शिक्षकांना आणि घरच्या टेबलावर सोल्डरिंग करणाऱ्या सगळ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. फिल्टर बांधताना फक्त कटऑफचा आकडा ठरवून थांबू नका. दुसऱ्या श्रेणीच्या फिल्टरला दोन आकडे असतात. एक त्याची मूळ वारंवारता आणि दुसरा त्याचा ‘क्यू’. हे दोन्ही आकडे हिशेबाने ठरवा आणि बांधून झाल्यावर दोन्ही मोजा. त्याला मोजके कपॅसिटर, मोजके रेझिस्टर, ऑप-अँपची एक चिप आणि एक दुपार एवढंच लागतं.

आधी क्यू म्हणजे काय ते पाहू. लो-पास फिल्टरच्या आलेखाला एक वळण असतं. डावीकडे सिग्नल सरळ जातो, उजवीकडे तो उतरत जातो. ते वळण कसं घ्यायचं हे क्यू ठरवतो. क्यू कमी असेल तर आलेख खूप आधीपासूनच खचायला लागतो आणि हव्या असलेल्या वारंवारताही कमी होतात. क्यू जास्त असेल तर उतरण्यापूर्वी आलेख उंचावतो आणि तिथे उंचवटा तयार होतो. क्यू १ असेल तर हा उंचवटा १५ टक्क्यांचा होतो. आपल्या उदाहरणात तो ७०० हर्ट्झजवळ येईल आणि ५०० हर्ट्झचा कंपसुद्धा ११ टक्के फुगलेला दिसेल. म्हणजे चांगलं बेअरिंगही आजारी ठरेल.

या दोन टोकांच्या मधली एक जागा अशी आहे की जिथे आलेख खचतही नाही आणि उंचावतही नाही. ती जागा अंदाजाने शोधावी लागत नाही, गणितच ती दाखवतं. वारंवारता आणि मूळ वारंवारता यांच्या गुणोत्तराला `x` म्हणा. मग फिल्टर सिग्नलला किती पटींनी लहान करतो, त्या आकड्याचा वर्ग असा निघतो:

```
1 + (1/Q² − 2)·x² + x⁴
```

यातलं मधलं पद पाहा. `x` लहान असताना, म्हणजे कटऑफच्या बरंच खाली, आलेख बिघडवण्याचं काम हेच पद करतं. ते धन असेल तर आलेख खचतो, ऋण असेल तर उंचावतो. ते शून्य केलं की उरतं फक्त `x⁴`, आणि `x` लहान असताना त्याचा चौथा घात नगण्य असतो. मधलं पद शून्य होण्यासाठी `Q²` निम्मा हवा, म्हणजे क्यू ०.७०७. कमाल सपाट प्रतिसाद म्हणतात तो हाच. ब्रिटिश संशोधक स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० साली अशा फिल्टरांची मांडणी केली, म्हणून याला बटरवर्थ फिल्टर म्हणतात. या क्यूला मूळ वारंवारता आणि कटऑफ एकच असतात, त्यामुळे पुढचा हिशेबही सोपा होतो.

आता कटऑफ किती ठेवायचा? इथे दुसरी गफलत होते. ‘कमाल सपाट’ याचा अर्थ कटऑफपर्यंत एकदम सपाट असा नाही. कटऑफला सिग्नल ७१ टक्क्यांवर आलेलाच असतो. ७०० हर्ट्झला तो ९० टक्के असतो आणि ५०० हर्ट्झला ९७ टक्के. म्हणून जिथपर्यंतचे आकडे तुम्हाला एकमेकांशी ताडून पाहायचे आहेत, त्याच्या दुप्पट वारंवारतेवर कटऑफ ठेवा, म्हणजे चूक तीन टक्क्यांच्या आत राहते. मिनिटाला साधारण १४५० फेरे घेणाऱ्या मोटारीचा मूळ कंप २४ हर्ट्झचा असतो. त्याच्यापासून ५०० हर्ट्झपर्यंतचे कंप आपल्याला तोलायचे आहेत, म्हणून कटऑफ १००० हर्ट्झ.

वरच्या बाजूचाही हिशेब करा. मायक्रोकंट्रोलर सेकंदाला ८००० नमुने घेत असेल, तर ७५०० हर्ट्झचा कंप त्याला ५०० हर्ट्झचा वाटतो. एकदा नमुना घेतला गेला की कोणतंही सॉफ्टवेअर हे दोन वेगळे करू शकत नाही. आपला फिल्टर ७५०० हर्ट्झला सिग्नल ५६ पटींनी लहान करतो. एकच रेझिस्टर-कपॅसिटर लावला असता तर तो साडेसात पटींनीच लहान झाला असता. दुसऱ्या श्रेणीचा फिल्टर का हवा, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. ५६ पटही कमी वाटत असेल तर नमुने जास्त वेगाने घ्या किंवा चौथ्या श्रेणीकडे वळा.

मंडल म्हणून सॅलन-की वापरा. आर. पी. सॅलन आणि ई. एल. की यांनी १९५५ साली, एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत असताना, ते प्रसिद्ध केलं आणि आजही साध्या कामांना ते पुरून उरतं. जोडणी अशी. सिग्नल पहिल्या रेझिस्टरमधून एका सांध्यावर येतो, तिथून दुसऱ्या रेझिस्टरमधून ऑप-अँपच्या अधिक खुणेच्या इनपुटला जातो. त्या इनपुटपासून ग्राउंडला एक कपॅसिटर, त्याला आपण खालचा कपॅसिटर म्हणू. ऑप-अँपचं आउटपुट सरळ वायरने त्याच्याच उणे इनपुटला जोडायचं. आणि आउटपुटपासून मधल्या सांध्यावर परत येणारा दुसरा कपॅसिटर, तो फीडबॅकचा.

सारा खेळ या फीडबॅकच्या कपॅसिटरचा आहे. झोक्याला योग्य क्षणी हलकासा हात लावला की तो मंदावत नाही, तसा हा कपॅसिटर कटऑफजवळ सिग्नलला आउटपुटकडून आधार देतो आणि खचू पाहणारा आलेख सावरून धरतो. हात किती जोराचा हवा, ते दोन कपॅसिटरांच्या गुणोत्तरावर ठरतं. दोन्ही रेझिस्टर सारखे ठेवले, फीडबॅकच्या कपॅसिटरला `C1` आणि खालच्याला `C2` म्हटलं, तर सूत्रं एवढीच:

```
Q  = ½ · √(C1/C2)
f0 = 1 / (2π · R · √(C1·C2))
```

क्यू ०.७०७ हवा, म्हणून `C1` हा `C2` च्या बरोबर दुप्पट. क्यूच्या सूत्रात रेझिस्टर नाहीत हे लक्षात घ्या. म्हणजे आलेखाचा आकार कपॅसिटर ठरवतात आणि तो कोणत्या वारंवारतेवर बसेल ते रेझिस्टर ठरवतात. दोन कामं दोन वेगळ्या हातांत आहेत.

यातूनच क्रम ठरतो: आधी कपॅसिटर निवडा, मग रेझिस्टर काढा. दुकानात रेझिस्टर हव्या तेवढ्या आकड्यांचे मिळतात आणि दोन एकापुढे एक जोडून मधला आकडाही साधता येतो. कपॅसिटरांचे आकडे मात्र मोजकेच असतात. २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर मागितला तर दुकानदार २२ चा काढून देईल. त्यापेक्षा १० नॅनोफॅरडचे तीन सारखे कपॅसिटर घ्या. एक खाली लावा आणि दोन समांतर जोडून फीडबॅकला लावा. दुप्पट गुणोत्तर आपोआप मिळतं, आणि तिन्ही एकाच गठ्ठ्यातले असतील तर ते चांगलं जुळतंही.

बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर गेलात तर पॉलिस्टरचे कपॅसिटर मागा. त्यांवर १०३ हा आकडा आणि पुढे इंग्रजी ‘जे’ हे अक्षर छापलेलं पाहा. १०३ म्हणजे १० नॅनोफॅरड आणि ‘जे’ म्हणजे फरक पाच टक्क्यांच्या आत. त्याच १०३ आकड्याचे चकतीसारखे सिरॅमिक कपॅसिटर स्वस्त मिळतात, पण त्यांवर ‘झेड’ असेल तर खरा आकडा २० टक्के कमी किंवा ८० टक्के जास्तही असू शकतो. तिन्ही ८० टक्क्यांनी जास्त निघाले तर १००० हर्ट्झचा फिल्टर ५५६ हर्ट्झवर येईल, आणि उन्हातल्या पंपघरात तो दुपारी आणखी सरकेल. असे कपॅसिटर ऑप-अँपच्या सप्लायजवळ लावायला चांगले, फिल्टरमध्ये नकोत.

आता रेझिस्टर. दुप्पट गुणोत्तर सूत्रात घातलं की हिशेब एका ओळीत येतो:

```
R = 0.1125 / (f · C2)
  = 0.1125 / (1000 × 10e-9) = 11250 Ω
```

सव्वाअकरा किलोओहम. १० किलोओहम आणि १.२ किलोओहम एकापुढे एक जोडले की ११.२ होतात आणि कटऑफ १००५ हर्ट्झ येतो. एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर वापरा, त्यांना फारसे जास्त पैसे पडत नाहीत. दुसरा कटऑफ हवा असेल तर याच ओळीत तो घाला. २५० हर्ट्झसाठी १० नॅनोफॅरडवर ४५ किलोओहम येतात. १०० हर्ट्झसाठी कपॅसिटर दहापट करा आणि रेझिस्टर तेच ठेवा. उत्तर साधारण ३ ते १०० किलोओहमच्या बाहेर गेलं तर कपॅसिटर बदला. रेझिस्टर फार लहान झाला तर ऑप-अँपवर भार येतो, फार मोठा झाला तर घरातल्या विजेची गुणगुण सिग्नलमध्ये शिरते.

पाच व्होल्टच्या सप्लायवर एमसीपी ६००२ हा ऑप-अँप चांगला चालतो. त्यात दोन ऑप-अँप असतात आणि इथे दोन्ही लागतात. एलएम ३५८ सगळीकडे मिळतो, त्याच्या पायांची मांडणीही तीच आहे, पण पाच व्होल्टवर त्याचं आउटपुट साडेतीन व्होल्टच्या आसपास अडतं, वरचा भाग कापला जातो.

दोन ऑप-अँप कशासाठी? फिल्टरच्या पहिल्या रेझिस्टरमागे जे काही असेल, त्याचा स्वतःचा रोध त्या रेझिस्टरमध्ये मिळवला जातो. सेन्सर किंवा माइकचा रोध १० किलोओहम असेल तर तुमचा ११.२ चा रेझिस्टर नकळत २१.२ चा होतो आणि सगळा हिशेब वाया जातो. म्हणून पहिला ऑप-अँप नुसता बफर म्हणून लावा. त्याच्या अधिक इनपुटला १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर, एक पाच व्होल्टकडे आणि एक ग्राउंडकडे, आणि सेन्सरचा सिग्नल एक मायक्रोफॅरडमधून आत. यामुळे सिग्नल अडीच व्होल्टच्या भोवती हलतो आणि फिल्टरलाही तोच डीसी आधार मिळतो. बफरचं आउटपुट थेट फिल्टरच्या पहिल्या रेझिस्टरला जोडा, मध्ये कपॅसिटर घालू नका. मध्ये कपॅसिटर घातला तर दुसऱ्या ऑप-अँपच्या इनपुटला डीसी वाट उरत नाही आणि आउटपुट एखाद्या टोकाला जाऊन चिकटतं. सिग्नल देण्यापूर्वी मल्टिमीटरने आउटपुटचे डीसी व्होल्ट पाहायची सवय लावा. अडीचच्या जवळ असतील तरच पुढे जा.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह तिच्यासाठीच आहे. फिल्टर मोजा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत फंक्शन जनरेटर आणि दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप असतोच. जनरेटरवरून एक व्होल्ट पीक-टू-पीकची साइन द्या. पहिला चॅनेल बफरच्या आउटपुटला, म्हणजे फिल्टरच्या तोंडाशी लावा आणि दुसरा फिल्टरच्या आउटपुटला. वारंवारता हळूहळू वाढवत न्या आणि आउटपुट इनपुटच्या बरोबर पाव आवर्तन मागे पडेल तिथे थांबा. १००० हर्ट्झला पाव आवर्तन म्हणजे २५० मायक्रोसेकंद. ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडवर ठेवलात तर आणखी सोपं: तिरकी लंबवर्तुळं दिसत जातात आणि त्या एका वारंवारतेला लंबवर्तुळ अजिबात न कलता उभ्या-आडव्या अक्षांवर नीट बसतं.

ही वारंवारता म्हणजे फिल्टरची मूळ वारंवारता, मग क्यू काहीही असो. आणि तिथेच आउटपुट भागिले इनपुट केलं की जो आकडा येतो, तोच क्यू. एका जागी थांबून दोन्ही आकडे हाती येतात. फिल्टर बरोबर असेल तर साधारण १००० हर्ट्झ आणि ०.७१ दिसेल. मग २००० हर्ट्झवर जाऊन खात्री करा, तिथे ०.२४ मिळायला हवं. वारंवारता बदलल्यावर इनपुटही दरवेळी पुन्हा मोजा, कारण जनरेटरचं आउटपुट सगळीकडे सारखं राहीलच असं नाही. साध्या मल्टिमीटरच्या एसी आकड्यावर इथे विसंबू नका. बरेच मीटर काहीशे हर्ट्झच्या पुढे खोटं सांगायला लागतात.

चूक असेल तर हेच दोन आकडे ती कुठे आहे ते सांगतात. समजा लंबवर्तुळ १००० च्या जवळच सरळ झालं, पण गुणोत्तर ०.३५ आलं. म्हणजे कपॅसिटरांच्या जागा उलट झाल्या आहेत, दुप्पट कपॅसिटर खाली लागला आहे. अशा फिल्टरचा खरा कटऑफ ४०० हर्ट्झजवळ असतो. गुणोत्तर ०.५ आलं तर फीडबॅकच्या दोन कपॅसिटरांपैकी एक ब्रेडबोर्डमध्ये नीट बसलेला नाही. मात्र अशा वेळी मूळ वारंवारताही वर सरकून १४०० च्या पुढे गेलेली दिसेल, त्यावरून खूण पटते.

गुणोत्तर ०.७१ पण वारंवारता ९५० आली तर आकार उत्तम आहे, फक्त तिन्ही कपॅसिटर थोडे जड आहेत. कपॅसिटरांना हात लावू नका. दोन्ही रेझिस्टर त्याच प्रमाणात कमी करा: ११.२ गुणिले ०.९५ म्हणजे १०.६४ किलोओहम. १.२ किलोओहम काढून त्या जागी ६८० ओहम लावले की १०.६८ होतात आणि वारंवारता ९९६ वर येते. दोन्ही रेझिस्टर एकदमच बदला. गुणोत्तर ०.६७ ते ०.७४ च्या दरम्यान असेल तर समाधानाने थांबा. ०.७४ ला येणारा उंचवटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो आणि पाच टक्क्यांच्या कपॅसिटरांकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

काही पाठ्यपुस्तकांत दोन्ही कपॅसिटर सारखे ठेवून ऑप-अँपला १.५८६ चा गेन दिलेला असतो. तोही बटरवर्थच आहे, बिनचूक आहे. फक्त तिथे मोजलेल्या गुणोत्तराला १.५८६ ने भागल्यावरच क्यू मिळतो आणि सिग्नल दीडपटीहून मोठा होतो हे विसरू नका. ज्यांना कंपाचा खरा आकडा हवा आहे त्यांना एक गेनचं मंडल सोयीचं, कारण कमी वारंवारतेला त्याचा गेन रेझिस्टरांवर अवलंबून राहत नाही.

या फिल्टरच्या मर्यादाही माहीत असू द्या. पहिली, फार वरच्या वारंवारतेला ऑप-अँपचा दम संपतो. तेव्हा फीडबॅकचा कपॅसिटर सिग्नलला थेट आउटपुटकडे वाट करून देतो आणि आलेख उतरायचा थांबतो. शेजारी इन्व्हर्टर किंवा स्विचिंग सप्लाय असेल तर त्याची खरखर अशीच आत येते. उपाय साधा आहे: फिल्टरच्या आउटपुटनंतर मायक्रोकंट्रोलरच्या पायाजवळ १ किलोओहम आणि तोच १० नॅनोफॅरड ग्राउंडला लावा. ५०० हर्ट्झवर त्याचा परिणाम जाणवत नाही आणि वरची खरखर बसते.

दुसरी मर्यादा, वारंवारतेत सपाट असलेला फिल्टर काळात सपाट नसतो. चौकोनी लहर दिलीत तर आउटपुट पायरीच्या सुमारे चार टक्के वर जाऊन मग स्थिरावेल. तो दोष नाही, क्यू ०.७०७ चा तो स्वभाव आहे. तुम्हाला ठोक्याचा आकार जसाच्या तसा हवा असेल, तर बेसल फिल्टर निवडा. त्याला क्यू ०.५७७ लागतो आणि फीडबॅकचा कपॅसिटर खालच्याच्या चार-तृतीयांश पट.

तिसरी, चौथी श्रेणी हवी म्हणून हेच दोन फिल्टर एकामागे एक जोडू नका. १००० हर्ट्झला सिग्नल ०.७१ गुणिले ०.७१ म्हणजे निम्मा होईल आणि कमाल सपाटपणा निघून जाईल. चौथ्या श्रेणीच्या बटरवर्थला ०.५४ आणि १.३१ असे दोन वेगळे क्यू लागतात.

शिक्षकांना एक विनंती. प्रकल्पाच्या अहवालात फिल्टरची आकृती आणि सूत्र मागता, त्याच पानावर मोजलेली मूळ वारंवारता आणि मोजलेला क्यू हे दोन आकडेही मागा. आणि विद्यार्थ्यांनो, ते आकडे कुणी मागितले नाहीत तरी लिहा. पुढे तुमचा आलेख ५०० हर्ट्झला कंप वाढल्याचं दाखवेल, तेव्हा तो कंप मोटारीचा आहे की फिल्टरचा, हे या दोन आकड्यांशिवाय तुम्हालाही सांगता येणार नाही.